चित्रांचे पैसे आणि हक्कांचे पैसे

मुलांचं पुस्तक काढायचं मनात आलं की चित्रकाराला पहिला फोन जातो आणि त्यात पहिला प्रश्न असतो, “एका चित्राचे किती घेता?” चित्रकारही सवयीने एक आकडा सांगतो. थोडी घासाघीस होते, आकडा ठरतो आणि काम सुरू होतं. भांडण होतं ते पाच-सहा महिन्यांनी. चित्रं चौथ्यांदा बदलून मागितलेली असतात, पैसे “पुस्तक आलं की देऊ” यावर अडलेले असतात आणि त्याच चित्रांची कॅलेंडरं छापायची कल्पना कुणाला तरी सुचलेली असते. दोन्ही बाजू बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. अडचण पहिल्या प्रश्नातच असते, कारण त्या एका आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक म्हणजे चित्र काढण्याचे श्रम आणि दुसरी म्हणजे ते चित्र वापरण्याचा हक्क. या दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडला तर करारातली बाकीची कलमं आपोआप जागेवर बसतात.

त्यासाठी एक कल्पित पुस्तक समोर ठेवू. कोकणातल्या एका शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी गोष्ट लिहिली आहे. पावसाळ्यात साकवापलीकडे अडकलेलं वासरू एक मुलगी घरी आणते, एवढीच गोष्ट. बाई ती स्वखर्चाने छापणार आहेत. २४ पानं, चार रंगांत छपाई, मधोमध पिना, किंमत १५० रुपये आणि पहिल्या हजार प्रती. बाईंनी पुण्यातल्या एका तरुण चित्रकाराला विचारलं आहे. पानाला हजार रुपये आणि मुखपृष्ठाचे तीन हजार, असे मिळून २७,००० रुपये द्यायची त्यांची तयारी आहे. ही रक्कम त्यांना मोठी वाटते आणि निवृत्तिवेतनातून काढायची तर ती मोठी आहेच.

आता काम मोजू. पिना मारलेल्या २४ पानी पुस्तकात पहिलं पान एकटं उजवीकडे येतं आणि शेवटचं एकटं डावीकडे. मधली २२ पानं समोरासमोर जोडीने उघडतात, म्हणजे ११ जोडपानं होतात. चित्रकाराच्या दृष्टीने पुस्तकाचं एकक पान नसून ही जोडपानं असतात, कारण मुलाला एका वेळी दिसतं ते तेवढंच. त्यांशिवाय पुढचं-मागचं मिळून एक मुखपृष्ठ आणि पहिल्या व शेवटच्या पानावर एकेक छोटं चित्र.

काम सुरू होतं ते रंगांपासून फार लांब. आधी गोष्ट ११ जोडपानांत कुठे कुठे तोडायची ते काडेपेटीएवढ्या चौकटींत काढून बघायचं, याला तीन दिवस धरा. मग मुलगी, वासरू, आजी आणि साकव कसे दिसतील ते ठरवायचं, आणखी तीन दिवस. प्रत्येक जोडपानाचं पूर्ण आकारातलं पेन्सिलीचं कच्चं रेखाटन करायला सहा दिवस आणि त्यावर चर्चा होऊन दुरुस्त्या करायला तीन. पक्की रंगीत चित्रं दोन दिवसांना एक जोडपान या गतीने २२ दिवस. मुखपृष्ठाला तीन दिवस, छोट्या चित्रांना एक आणि स्कॅन करून रंग जुळवून छपाईच्या फाइली तयार करायला तीन. बेरीज होते ४४ दिवस. कुणी याहून झपाट्याने काम करेल, कुणाला जास्त दिवस लागतील, पण साधारण अंदाज हाच.

सत्तावीस हजारांना ४४ ने भागलं की दिवसाला ६१४ रुपये पडतात. त्यातून कागद, रंग, टॅब्लेट, सॉफ्टवेअर, वीज हे सगळं चित्रकाराचं. रजा, आजारपण, दोन कामांमधले रिकामे दिवस हेही त्याचेच. दिवसाला १,५०० रुपये धरले तर रक्कम ६६,००० होते. हा दर चैनीचा नाही. महिन्याचे २६ दिवस भरले तरच त्यातून ३९,००० रुपये हाती येतात आणि मुक्तपणे काम करणाऱ्या चित्रकाराचे सगळे दिवस कधीच भरत नाहीत.

मात्र बाईंच्या बाजूनेही बघायला हवं. ६६,००० रुपये हजार प्रतींवर पसरले तर एका प्रतीमागे ६६ रुपये नुसते चित्रांचे. पुस्तकविक्रेत्याला समजा ४० टक्के सूट दिली, तर १५० मधले ६० रुपये तिकडे गेले. उरलेल्या ९० मधून ६६ चित्रांना दिल्यावर २४ रुपयांत कागद, छपाई, बांधणी आणि वाहतूक बसणार नाही. निव्वळ रॉयल्टीवर चित्रकाराला बोलवावं म्हटलं, तर हजार प्रतींची एकूण किंमत दीड लाख, तिच्यावर पाच टक्के म्हणजे साडेसात हजार, आणि तेही सगळ्या प्रती विकल्या गेल्यावर. ४४ दिवसांच्या कामाला साडेसात हजार कुणी देऊ नयेत आणि कुणी घेऊही नयेत. मराठी चित्रपुस्तकाची खरी कोंडी ही आहे. ती चित्रकाराला गप्प बसवून सुटत नाही आणि प्रकाशकाला कंजूष म्हणूनही सुटत नाही.

सुटते ती दोन बाजूंनी. काम कमी करायचं आणि हक्क कमी घ्यायचे.

काम कमी करणं म्हणजे दर्जा कमी करणं नव्हे. ११ पैकी चारच जोडपानं काठोकाठ रंगीत ठेवली, म्हणजे पूर आलेला ओढा, साकव, वासरू सापडतं ते पान आणि घरी परतल्याची रात्र, आणि उरलेल्या सातांवर पांढऱ्या कागदावर मोकळी छोटी चित्रं ठेवली, तर त्या सातांना प्रत्येकी एकच दिवस लागतो. पक्क्या चित्रांचे २२ दिवस १५ वर येतात, रेखाटनांचाही एक दिवस वाचतो. एकूण ४४ चे ३६ दिवस होतात आणि रक्कम ५४,००० वर येते. गोष्टीलाही हे मानवतं. सगळीच पानं भरगच्च असली की पुराचं पान पूर आल्यासारखं वाटत नाही. पण हा सल्ला बाईंना चित्रकारच देऊ शकतो, आणि तोही त्यांनी आपली खरी ऐपत सुरुवातीलाच सांगितली तर. “तुम्हीच सांगा किती ते” असं म्हणून मनातला आकडा लपवून ठेवण्यात दोघांचंही नुकसान असतं.

दुसरी बाजू हक्कांची आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

आपल्याकडे समज असा असतो की चित्राचे पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं. उलट चित्रकारांमध्ये समज असतो की चित्र मी काढलं, म्हणजे लिहून दिल्याशिवाय कॉपीराइट माझाच. भारतात हे दोन्ही समज अर्धवट आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम सांगतं की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पण लगेच पुढे अपवाद आहेत. त्यातला एक असा, की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढलं, पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र केलं, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. कथा, कविता या अपवादात येत नाहीत. म्हणजे एका प्रकाशकाने एकाच पुस्तकासाठी बाहेरच्या लेखिकेकडून गोष्ट लिहून घेतली आणि बाहेरच्या चित्रकाराकडून जलरंगातली चित्रं करून घेतली, दोघांनीही कागदावर काहीच लिहिलं नाही, तर गोष्टीचा कॉपीराइट लेखिकेकडे राहतो आणि चित्रांचा प्रकाशकाकडे जाऊ शकतो. त्यातही मेख अशी की कायद्याच्या व्याख्येत पेंटिंग आणि रेखाचित्र हे दोन वेगळे शब्द आहेत आणि या अपवादात रेखाचित्राचा उल्लेख नाही. मग शाईच्या रेघेवर हलका रंग भरलेलं चित्र कशात मोडतं? टॅब्लेटवर काढलेलं कशात? हा वाद कोर्टात नेण्याइतके पैसे मराठी बालपुस्तकात नसतात. चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, हे एक वाक्य लिहिलं की वादाचं कारणच उरत नाही.

ते वाक्य लिहिल्यावर बाईंना हवं ते त्यांनी परवाना म्हणून घ्यावं. मालकी घेण्याची त्यांना गरज नाही. त्यांना पुस्तक छापायचं आहे, मुखपृष्ठ जाहिरातीत वापरायचं आहे आणि कदाचित पुढे हिंदी अनुवाद काढायचा आहे. तेवढंच मागावं. कायदा परवान्याचं किंवा हस्तांतरणाचं लेखी कलम कसं असावं तेही सांगतो: कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती. काळ लिहिला नाही तर पाच वर्षं धरली जातात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. चित्रकाराच्या बाजूची आणखी एक तरतूद आहे. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत, तर ते त्याच्याकडे परत जातात, पण करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणूनच छापील करारांत बारीक अक्षरात “कलम १९(४) लागू होणार नाही” असं वाक्य अनेकदा सापडतं. चित्रकाराने ते शोधावं. प्रकाशकाला खरंच जास्त मुदत हवी असेल तर दोन किंवा तीन वर्षं असा आकडा लिहून घ्यावा आणि ते वाक्य खोडावं.

आपल्या पुस्तकासाठी कलम साध्या मराठीत असं लिहिता येईल: “या पुस्तकासाठी केलेल्या चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. ही चित्रं या गोष्टीच्या मराठी छापील पुस्तकात आणि त्या पुस्तकाच्या जाहिरातीत वापरण्याचा परवाना चित्रकार प्रकाशकाला सात वर्षांसाठी, भारतापुरता देत आहे. या काळात इतर कुणाला ही चित्रं पुस्तकरूपात वापरायला चित्रकार देणार नाही. इतर भाषा, ई-बुक, ऑडिओ-व्हिडिओ, खेळणी, कॅलेंडर, कपडे यांसाठी दोघांनी लेखी वेगळं ठरवावं.” शेवटचं वाक्य कुणाला आखडू वाटेल, पण बाईंच्या भाचीला ती मुलगी आणि वासरू टी-शर्टवर छापावंसं वाटलं तर त्या दिवशी सगळ्यांना नेमकं काय करायचं ते माहीत असतं.

आता पैसे पुन्हा मांडू. बाईंनी जरा ताणून ४०,००० रुपये काढले आणि धीर करून पहिल्या २,००० प्रती छापायचं ठरवलं. एका प्रतीमागे चित्रांचा खर्च २० रुपये आला. हा आकडा पेलतो. चित्रकाराच्या ३६ दिवसांचे ५४,००० व्हायला हवे होते, तिथे १४,००० कमी पडले. ही तूट हक्कांतून भरून काढायची. करार असा करायचा की ४०,००० रुपये हे काम आणि पहिल्या २,००० प्रती यांचे. त्यापुढच्या प्रत्येक प्रतीवर छापील किमतीच्या सहा टक्के, म्हणजे नऊ रुपये, चित्रकाराला. दुसरी आवृत्ती २,००० ची निघाली तर त्याला १८,००० मिळतात आणि एकूण ५८,००० होतात. दुसरी आवृत्ती निघालीच नाही, तर चित्रकाराने १४,००० रुपयांची जोखीम बाईंबरोबर उचलली असं होईल. पण ती डोळे उघडे ठेवून उचलली असेल, आणि बदल्यात चित्रांचे बाकीचे सगळे हक्क त्याच्याकडे असतील. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की सूट वजा जाता मिळणाऱ्या रकमेवर, हे मात्र शब्दांत लिहावं. १५० वर सहा टक्के म्हणजे नऊ रुपये आणि ९० वर सहा टक्के म्हणजे पाच रुपये ४० पैसे.

याच्या नेमकी उलटी रचनाही प्रामाणिक असू शकते. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वरची पुस्तकं खुल्या परवान्याखाली आहेत. नाव दिलं की ती कुणीही वापरू, बदलू, दुसऱ्या भाषेत नेऊ आणि विकूही शकतं. मुलांपर्यंत पुस्तकं पोचवायला ही व्यवस्था फार मोलाची आहे. पण अशा कामात चित्रकाराला पुढे रॉयल्टीची आशा नसते, म्हणून श्रमांचे पैसे तिथे सुरुवातीलाच पुरेपूर मिळायला हवेत. “हक्क सगळे द्या आणि समाजकार्य आहे म्हणून पैसेही कमी घ्या” ही मागणी मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

मूळ कागदावरची चित्रं कुणाची, हाही वेगळा प्रश्न आहे. कागद आणि कॉपीराइट या दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत. स्कॅन झाल्यावर मूळ चित्रं चित्रकाराला इतक्या दिवसांत परत, असं लिहावं. हरवली किंवा भिजली तर भरपाई किती, तेही लिहावं.

आणि एक हक्क असा आहे की तो विकूनही संपत नाही. कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे कर्त्याला आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपली बदनामी होईल अशी कृतीची मोडतोड थांबवण्याचा हक्क कॉपीराइट दिल्यानंतरही उरतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून ठेवलं आणि ते खराब झालं. शिल्प सरकारने करवून घेतलेलं, मालकी सरकारची. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प सहगलांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. एवढ्या मोठ्या उदाहरणाची आठवण छोट्या पुस्तकात ठेवायची ती यासाठी, की पानात मजकूर बसेना म्हणून चित्रातली आजी कापून टाकणं, चित्र आरशातल्यासारखं उलटवणं, रंग बदलणं या गोष्टी विचारल्याशिवाय करू नयेत. आणि चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, लेखिकेच्या नावाच्या शेजारी यावं. आतल्या पानावर मुद्रकाच्या नावाखाली ते ढकलण्याची जुनी सवय आता मोडायला हवी. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट तो सांगत असतो.

बदल मागण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मनं दुखावतात ती इथे.

पेन्सिलीच्या रेखाटनात मुलीचा चेहरा वळवायला अर्धा तास लागतो. जलरंगातल्या पक्क्या चित्रात तोच बदल करायचा तर अख्खं जोडपान नव्याने काढावं लागतं, म्हणजे दोन दिवस. संगणकावर काढलेल्या चित्रात तो जरा सोपा असतो, पण उजेड, सावल्या, मागचा पाऊस सगळं एकमेकांत गुंतलेलं असल्याने फुकटात तिथेही होत नाही. म्हणून करारात बदलांची मुभा पेन्सिलीच्या टप्प्यावर सढळ ठेवावी आणि रंगांनंतर घट्ट करावी. माझ्या मते रेखाटनांवर दोन फेऱ्या, मग एकच जोडपान नमुन्यादाखल पूर्ण रंगवून त्यावर एक फेरी, आणि पक्क्या चित्रांवर फक्त चुकांची दुरुस्ती, एवढं पुरतं.

चूक म्हणजे काय, हेही ठरवावं लागतं. मजकुरात वासराच्या कपाळावर पांढरा टिळा आहे आणि चित्रात नाही, किंवा चौथ्या पानावर डाव्या खांद्यावरची छत्री पाचव्या पानावर नाहीशी झाली, तर ती चित्रकाराची चूक, दुरुस्ती विनामूल्य. मंजूर केलेल्या रेखाटनातली आजी आता बाईंना जरा तरुण हवी झाली, तर तो मनातला बदल, त्याचे पैसे वेगळे. बाईंनी गोष्टच बदलली, साकवाऐवजी होडी आणली, तर ते नवं काम. या तिन्हींचा दर आधी लिहून ठेवावा. आपल्या हिशेबात तो साधा आहे, लागतील तितके दिवस गुणिले १,५०० रुपये. दर लिहिलेला असला की गंमत अशी होते की निम्मे बदल मागितलेच जात नाहीत.

गोष्टीचा मजकूर चित्रं सुरू होण्यापूर्वी पक्का झाला पाहिजे, प्रमाणलेखन तपासून. आणि रेखाटनं चालू असतानाच तो मजकूर खऱ्या टाइपात, खऱ्या आकारात पानावर ठेवून बघावा. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्याने दोन ओळींमध्ये अंतर जास्त लागतं. मुलांसाठी अक्षर मोठं घेतलं की चार ओळी बघता बघता पानाचा तिसरा हिस्सा खातात. ही जागा आधी सोडली नाही तर शेवटी अक्षरं आकाशाऐवजी मुलीच्या केसांवर बसतात. मजकूर चित्रात रंगवून टाकू नये, वेगळ्या थरात आणि शक्यतो काळ्या रंगातच ठेवावा. मग उद्या हिंदी आवृत्ती काढताना छपाईत काळ्या रंगाची प्लेट तेवढी बदलून चालतं. तसंच, जोडपानाच्या मधल्या घडीत कुणाचा चेहरा येणार नाही आणि कापणीसाठी कडेने तीन मिलिमीटर चित्र जास्तीचं असेल, एवढं रेखाटनातच बघावं. छापखान्यात गेल्यावर याला उपाय नसतो.

सूचना एकाच माणसाने, एकत्र करून, लेखी द्याव्यात. बाईंचे यजमान एक सांगतात, भाची दुसरं, शाळेतले जुने सहकारी तिसरं, आणि चित्रकाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिघांचे निरोप वेगवेगळ्या दिवशी येतात, असं झालं की फेऱ्या मोजणंच अशक्य होतं. आणि सूचना चित्राबद्दल नको, वाचणाऱ्या मुलाबद्दल असावी. “हे जरा जिवंत करा” यावरून चित्रकाराला काही करता येत नाही. “वासरू पलीकडे आहे हे मुलाला या पानावर कळायला हवं, आत्ता ते झाडात हरवतंय” यावरून त्याला हात कुठे घालायचा ते कळतं. उपाय त्याला शोधू द्यावा.

मुदतींचा हिशेब पुस्तक हवं त्या दिवसापासून मागे मोजत यावं. बाईंना ते १४ नोव्हेंबरला बालदिनी हवं आहे. छपाई, बांधणी आणि प्रूफ यांना महिना धरला तर फाइली १० ऑक्टोबरच्या सुमारास छापखान्यात हव्यात आणि मांडणीला दोन आठवडे. म्हणजे चित्रं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आली तरी चालतील असं वाटतं. पण जुलै ते सप्टेंबर हा दिवाळी अंकांचा हंगाम. मुखपृष्ठं, कथाचित्रं, व्यंगचित्रं यांनी चित्रकारांचे दिवस तेव्हा गच्च भरलेले असतात आणि वर्षाच्या कमाईतला मोठा भाग त्यांना तेव्हाच मिळवायचा असतो. म्हणून आपल्या पुस्तकाची पक्की चित्रं जुलैच्या सुरुवातीपर्यंत संपली पाहिजेत. करार जानेवारीत, पात्रं आणि छोट्या चौकटी फेब्रुवारीत, रेखाटनं मार्चअखेर, ती मंजूर एप्रिलच्या मध्यात. ३६ दिवसांचं काम पाच महिन्यांवर पसरलेलं दिसतं, कारण कुठलाही चित्रकार एका वेळी एकच काम करून जगू शकत नाही.

मुदत दोघांनाही बांधते. रेखाटनं मिळाल्यापासून बाईंनी सात दिवसांत उत्तर द्यावं, आणि जितके दिवस जास्त लागतील तितके चित्रकाराच्या पुढच्या तारखेत मिळवावेत, हे कलम असायलाच हवं. “चित्रकाराने उशीर केला” या तक्रारींत अनेकदा तीन आठवडे न उघडलेली ईमेल असते. चित्रकाराकडूनही उशीर होतो. त्याने तो तारीख उलटण्याआधी कळवावा. एखादा आठवडा सवलतीचा ठेवावा आणि एका टप्प्याला महिन्याहून जास्त उशीर झाला, तर झालेल्या कामाचे पैसे देऊन करार संपवण्याची मुभा बाईंना असावी.

पैशांचे हप्ते या टप्प्यांना जोडावेत. ४०,००० पैकी सही होताच १०,०००, रेखाटनं मंजूर झाल्यावर १४,००० आणि पक्क्या चित्रांच्या फाइली हाती आल्यावर १६,०००. रक्कम टीडीएस कापण्यापूर्वीची आहे हेही नोंदवावं. मधेच पुस्तक रद्द करावं लागलं, बाईंची तब्येत बिघडली किंवा पैसे संपले, तर तोवरचे हप्ते चित्रकाराकडे राहतील आणि त्याने केलेली रेखाटनं त्याचीच असतील. पक्की चित्रं अर्धी झाली असतील तर शेवटच्या हप्त्याचा अर्धा भाग द्यावा. चित्रकारांना एक सुचवावंसं वाटतं. ‘उद्यम’वर सूक्ष्म सेवा-उद्योग म्हणून नोंदणी विनामूल्य होते. ती असली की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे घेणेकऱ्याला ४५ दिवसांपलीकडची मुदत करारातही घालता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि दाद मागायला वेगळी परिषद आहे. बहुतेकांना या परिषदेपर्यंत जावं लागत नाही. बिलावर नोंदणीक्रमांक छापलेला असला तरी पैसे लवकर येतात.

हा सगळा करार दोन-तीन पानांत मावतो. मराठीतच लिहावा, दोघांनी वाचून सह्या कराव्यात आणि एकेक प्रत ठेवावी. हे पहिली पेन्सिल टेकण्यापूर्वी व्हावं. अर्धी चित्रं झाल्यावर पुढे आलेल्या करारावर चित्रकाराला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही. आणि त्यात शेवटचा हप्ता “पुस्तक प्रकाशित झाल्यावर” किंवा “विक्री सुरू झाल्यावर” देण्याचं कलम असेल, तर ते दोघांनी मिळून खोडावं. पुस्तक कधी निघेल हे चित्रकाराच्या हातात नसतं. त्याचं काम फाइली दिल्या त्या दिवशी पूर्ण झालेलं असतं.